बिडी, दारू आणि घशाचा कर्करोग : बेरीज की गुणाकार?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही पालकांनी एकमेकांकडे पाहिले, ते माझ्या लक्षात आले. बिडीवर बोला, सिगारेटवर बोला, गुटख्यावर तर जरूर बोला, पण दारूवर इथे कशाला, असा तो भाव होता. आपल्या समाजात दारू हराम मानली जाते. त्यामुळे तिच्याविषयी बोलण्याचे कारणच नाही असे आपण धरून चालतो. बिडीला मात्र तसा अटकाव नाही. दुकानाच्या ओट्यावर, मोंढ्यात, एस. टी. स्टँडवर ती उघडपणे ओढली जाते. म्हणजे एक व्यसन उघडे आणि दुसरे झाकलेले. जे झाकलेले असते ते घरच्यांना ठाऊक असते, शेजाऱ्यांना ठाऊक असते, पण डॉक्टरांना कोणी सांगत नाही. आणि तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात नेमकी तीच गोष्ट डॉक्टरांना समजणे फार गरजेचे असते. ते का, हे समजावून घ्यायचे तर आधी थोडे गणित करावे लागेल. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घ्यायला हरकत नाही.

सन १९७२ मध्ये अमेरिकेतील रॉथमन आणि केलर या दोन संशोधकांनी एक लेख प्रसिद्ध केला. तिथे निवृत्त सैनिकांसाठी सरकारी रुग्णालये आहेत. त्या रुग्णालयांतील तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाच्या पुरुष रुग्णांची इतर रुग्णांशी त्यांनी तुलना केली. कोण किती सिगारेटी ओढत होता आणि कोण किती दारू पीत होता, याप्रमाणे त्यांनी माणसांचे गट पाडले. जो धूम्रपानही करत नाही आणि पीतही नाही, त्याचा धोका एक धरला.

आता पुढचे आकडे पाहा. दिवसाला ४० किंवा अधिक सिगारेटी, पण दारूचा थेंबही नाही, अशा माणसाचा धोका सुमारे २.४ पट निघाला. धूम्रपान अजिबात नाही, पण रोज दीड औंसाहून अधिक निव्वळ अल्कोहोल, अशा माणसाचा धोका सुमारे २.३ पट निघाला. मग दोन्ही करणाऱ्याचा किती असावा? बेरजेने पाहिले तर पहिल्याने १.४ ची भर घातली आणि दुसऱ्याने १.३ ची. मुळातला एक त्यात मिळवला की ३.७ होतात. गुणाकाराने पाहिले तर २.४ गुणिले २.३ म्हणजे साडेपाच. प्रत्यक्षात निघाला १५.५ पट. बेरीज तर मागे राहिलीच, गुणाकारही अपुरा पडला.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. त्या अभ्यासातल्या रुग्णांमध्ये दोन्हीपासून दूर असलेली माणसे मोजकीच होती. गट लहान असला की आकडे थोडे डळमळतात. म्हणून १५.५ हा आकडा दगडावरची रेघ मानू नये. पण पुढे १९८८ मध्ये अमेरिकेतच ब्लॉट आणि सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हाही धोके एकमेकांत मिसळताना गुणाकारासारखेच वाढलेले दिसले. दिवसाला दोन पाकिटे सिगारेट आणि चारांहून अधिक पेग घेणाऱ्यांचा धोका तिथे ३५ पटींच्या वर गेला. आकडा जागेनुसार आणि लोकांनुसार बदलतो, पण दोन्ही एकत्र आली की धोका उडी घेतो, हे मात्र ठिकठिकाणच्या अभ्यासांत दिसत आले आहे.

हे झाले अमेरिकेतले. आपल्या परभणीच्या मापात ते कसे बसवायचे? दीड औंस म्हणजे सुमारे ४५ मिलिलिटर निव्वळ अल्कोहोल. आपल्याकडच्या देशी किंवा विदेशी दारूच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असे छापलेले असते. १८० मिलिलिटरची क्वार्टर घेतली तर तिच्यात सुमारे ७७ मिलिलिटर निव्वळ अल्कोहोल भरते. म्हणजे रोज क्वार्टर घेणारा माणूस त्या अभ्यासातल्या सर्वांत वरच्या गटात बसतो, नव्हे, त्याच्याही बराच पुढे जातो. आणि “मी काही फार घेत नाही, अर्धीच घेतो” असे म्हणणारा? अर्ध्या क्वार्टरमध्ये सुमारे ३८ मिलिलिटर येते. हा माणूस मधल्या गटातला. पण त्या मधल्या गटातल्या जड धूम्रपान करणाऱ्यांचा धोकाही आठ पटींच्या आसपास होता.

बिडीविषयी एक गैरसमज आहे. तिच्यात तंबाखू कमी असते, हे खरे. सिगारेटच्या तुलनेत ती पाव-तिहाईच असते. पण तेंदूच्या पानातून हवा नीट जात नाही, बिडी सारखी विझू पाहते, म्हणून ओढणारा जोरात आणि वरचेवर झुरके घेतो. परिणामी घशात जाणारे डांबर सिगारेटपेक्षा कमी नसते, पुष्कळदा जास्तच असते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील संघवी, राव आणि खानोलकर यांनी १९५५ मध्येच दाखवून दिले होते की आपल्याकडे तंबाखू चघळणाऱ्यांना गालात आणि तोंडाच्या पुढच्या भागात कर्करोग होतो, तर ओढणाऱ्यांमध्ये जिभेचे मूळ आणि घसा या मागच्या जागा अधिक सापडतात. आज आपण बोलतो आहोत ते मुख्यतः या मागच्या जागांविषयी, जिथे आरशात डोकावून काही दिसत नाही.

आता मूळ प्रश्न. दोन विषे एकत्र आल्याने असे काय होते, की तिसरेच काही घडावे?

पहिली गोष्ट समजायला सोपी आहे. ज्यांनी दवाखान्यात टिंक्चर आयोडिन पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे की ते स्पिरिटमध्ये बनवतात, कारण काही पदार्थ नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाहीत पण स्पिरिटमध्ये विरघळतात. बिडीच्या धुरातील पुष्कळशी कर्करोगकारक द्रव्ये याच जातीची. तोंडाच्या आतल्या मऊ त्वचेवर, म्हणजे श्लेष्मल त्वचेवर, ती डांबराच्या रूपाने बसतात. नुसती लाळ असेल तर त्यांतली बरीचशी वरच्या थरातच अडतात आणि हळूहळू धुऊन जातात. पण त्याच वेळी दारू आली की ती या त्वचेचा अडसर सैल करते. वरचे थर पातळ आणि झिरपते होतात आणि विरघळलेली द्रव्ये खालच्या थरात उतरतात. नव्या पेशी तयार होतात त्या खालच्याच थरात. इजा व्हायला नको अशी जागा तीच.

दुसरी गोष्ट थोडी खोलातली आहे, पण मला ती अधिक महत्त्वाची वाटते. दारू शरीरात गेली की अल्कोहोलपासून आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचे द्रव्य बनते आणि मग त्यापासून ॲसिटिक आम्ल, म्हणजे आपल्या सिरक्यातले आम्ल. सिरका निरुपद्रवी. मधले ॲसिटाल्डिहाइड मात्र विषारी आहे. ते पेशीच्या केंद्रातील जनुकद्रव्याला चिकटते आणि तिथल्या दुरुस्तीचे कामही बिघडवते. मद्यपानातून तयार होणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात घातले. यकृत हे विष झटपट सिरक्यात बदलते. तोंडात ती सोय नाही. उलट तोंडातले जंतू अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड भराभर बनवतात आणि पुढची पायरी मात्र फार सावकाश पार पाडतात. म्हणून लाळेत हे विष साचून राहते.

इथे बिडी-सिगारेट कशी येते? धूम्रपान करणाऱ्याच्या तोंडातली जंतूंची वस्तीच बदलते आणि हे विष बनवणारे जंतू वाढतात. शिवाय धुरात ॲसिटाल्डिहाइड आयतेच असते, ते लाळेत विरघळते. फिनलंडमधील संशोधकांनी २००४ मध्ये हे मोजून पाहिले. स्वयंसेवकांना ठरावीक अल्कोहोल दिले आणि त्यांच्या लाळेतील ॲसिटाल्डिहाइड पुन्हा पुन्हा तपासले. नेहमी धूम्रपान करणाऱ्यांच्या लाळेत, त्या वेळी सिगारेट न ओढताही, ते इतरांच्या सुमारे दुप्पट होते. आणि पिता पिता ओढले तेव्हा सुमारे सातपट झाले. माणसे तेराच होती, प्रयोग लहान होता. पण रॉथमन-केलर यांच्या कागदावरचा गुणाकार इथे लाळेच्या थेंबात दिसला, असे मी म्हणेन.

याच मेळाव्यात एका विद्यार्थ्याने मागे विचारले होते, “सर, स्पिरिटने जंतू मरतात ना? मग दारूने तोंडातले जंतू मरून घसा साफ नाही का होत?” प्रश्न चांगला होता. जखमेवर लावतो ते स्पिरिट पुष्कळ तीव्र असते. पाणी घालून घोट-घोट प्यालेली दारू तेवढी तीव्र राहत नाही, आणि जंतू मरण्याऐवजी तिच्यावर काम करतात. याहून एक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. अल्कोहोल रक्तात असते तोवर ते रक्तातून लाळेत उतरत राहते. त्यामुळे पिऊन झाल्यावर चूळ भरली, वेलदोडा चघळला, बडीशेप खाल्ली, तर वास झाकला जातो, पण तोंडातला कारखाना पुढचे काही तास चालूच राहतो. त्या तासांत ओढलेली प्रत्येक बिडी त्या कारखान्याला माल पुरवते.

ही लाळ साचते कुठे, तेही पाहा. जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा, टॉन्सिलच्या आसपास आणि स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंचे खोलगट खळगे. पिणाऱ्या-ओढणाऱ्यांचे कर्करोग प्रामुख्याने याच जागांवर सापडतात.

कोणी म्हणेल, आमच्याकडे तर ओढण्यापेक्षा चघळणे जास्त. खरे आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि तरीही पुड्या मिळतात, हे मी तुम्हांला सांगायला नको. चघळणाऱ्यालाही दारू सोडत नाही. गालाच्या कर्करोगावर २०१० ते २०२१ या काळात भारतातील पाच केंद्रांवर पुरुषांचा जो अभ्यास झाला, त्यात पिणाऱ्यांचा धोका न पिणाऱ्यांपेक्षा सुमारे ६८ टक्क्यांनी अधिक दिसला आणि गावठी दारू पिणाऱ्यांचा त्याहूनही अधिक. तंबाखू आणि दारू यांची जोडी तिथेही एकमेकांना बळ देताना दिसली. मात्र हेही खरे की काही रुग्णांनी आयुष्यात यांतले काहीच केलेले नसते. म्हणून रुग्ण दिसला की त्याच्या चारित्र्यावर बोट ठेवू नये.

आता हे सगळे एका माणसात घालून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण दवाखान्यात बसणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला ते ओळखीचे वाटेल. समजा एक चाचा आहेत, वय ५२. मोंढ्यात हमाली करतात. दिवसाला दोन कट्टे बिड्या आणि संध्याकाळी अंग दुखते म्हणून अर्धी-पाव क्वार्टर. घरात कोणी त्याचा उच्चार करत नाही. त्यांचा उजवा कान दुखू लागतो. औषधाच्या दुकानातून कानात घालायचे थेंब आणले जातात. दीड महिना जातो. कान तपासला तर स्वच्छ असतो. खरी गोष्ट अशी की जिभेचे मूळ आणि घसा यांच्याकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या शाखा कानाकडेही जातात, त्यामुळे घशातले दुखणे कानात जाणवते. चाळिशीच्या पुढचा ओढणारा माणूस, एकाच बाजूचा कान दुखतो आणि कानात काहीच सापडत नाही, असे असेल तर घसा आतून पाहिलाच पाहिजे.

चाचांना गिळताना एकाच जागी काटा अडकल्यासारखे वाटते. मग आवाज बसतो. शेवटी मानेत गाठ दिसते. ती दुखत नाही म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. न दुखणारी, टणक, वाढत जाणारी गाठ ही दुखणाऱ्या गाठीपेक्षा अधिक संशयास्पद असते. तोंडातला छाला किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही, आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर मलमे आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद करून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. ते दुर्बिणीने पाहतील आणि लागल्यास बारीक तुकडा काढून तपासणीला पाठवतील. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूत चुकीची आहे. या समजुतीपायी गेलेले महिने मात्र परत मिळत नाहीत. दोन सेंटिमीटरच्या आतली गाठ आणि मानेत उतरलेली गाठ, यांच्या उपचारांत व निकालांत फार मोठे अंतर असते. पहिली तपासणी परभणीच्या जिल्हा रुग्णालयात होऊ शकते. पुढच्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचे, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे.

आता त्या झाकलेल्या गोष्टीकडे येतो. डॉक्टर विचारतात, “बिडी?” चाचा म्हणतात, “हो.” “दारू?” शेजारी तरुण मुलगा उभा आहे, सून दाराशी आहे. चाचा म्हणतात, “तौबा तौबा.” कागदावर “नाही” लिहिले जाते. त्याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे, धोक्याचा अंदाज चुकतो आणि कान दुखतो म्हणून आलेला माणूस थेंब घेऊन घरी जातो. दुसरा परिणाम अधिक तातडीचा आहे. शस्त्रक्रियेसाठी चाचांना दाखल केले आणि रोजची दारू एकदम तुटली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, नसलेली माणसे दिसू लागतात, झटके येतात. घरच्यांना वाटते बाहेरची बाधा झाली. डॉक्टरांना वाटते शस्त्रक्रियेत काही बिघडले. खरे कारण आधी कळले असते तर त्यावर औषध आहे, आणि ते वेळेवर दिले नाही तर माणूस त्यानेच दगावू शकतो. याच कारणासाठी रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एका दिवसात सोडण्याचा हट्ट धरू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. बिडीचे तसे नाही, ती आज रात्री सोडली तरी जिवाला अपाय नाही.

बायकांनी आणि मुलांनी काय करावे, असे मला विचारले जाते. चाचांसमोर सांगणे शक्य नसेल तर आधी एकट्याने जाऊन डॉक्टरांना सांगावे, किंवा चिठ्ठीवर लिहून द्यावे: किती, किती वर्षे, शेवटची कधी. “कधी कधी घेतात” या शब्दांचा डॉक्टरांना उपयोग नाही. रोज अर्धी क्वार्टर, वीस वर्षे, असे लिहिले तर उपयोग आहे. डॉक्टर ते गावात सांगत फिरणार नाहीत.

सोडल्याने काय मिळते, याचेही हिशेब झाले आहेत. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये जे निष्कर्ष आले, त्यांत धूम्रपान सोडल्यापासून एक ते चार वर्षांतच डोके-मानेच्या कर्करोगाचा धोका, ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ३० टक्क्यांनी उतरलेला दिसला. वीस वर्षांनी तो कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळ आला. दारूचा फायदा मात्र सावकाश येतो, वीस वर्षे गेल्यावर तो स्पष्ट दिसला. म्हणून “दारू सोडली, आता बिडी राहू दे” हा सौदा तोट्याचा आहे. आणि “बिडी सोडली, आता थोडी घेतो” हाही तसाच. गुणाकारातला एक आकडा लहान केला तर उत्तर लहान होते, पण ते तेव्हाच फार लहान होते जेव्हा दोन्ही आकडे लहान होतात.

ज्यांचा कर्करोग बरा झाला त्यांच्यासाठी एक गोष्ट राहिली. त्या माणसाच्या तोंडाची आणि घशाची सगळीच आतली त्वचा वर्षानुवर्षे त्याच धुरात आणि त्याच लाळेत भिजलेली असते. एक गाठ काढली म्हणून बाकीची त्वचा नवी होत नाही. तिथे दुसरी, अगदी स्वतंत्र गाठ उठू शकते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पहिली दोन वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी सांगतात. त्या तारखा घरातल्या कॅलेंडरवर कोणीतरी लिहून ठेवाव्यात, चाचांना बरे वाटत असले तरीही.